पाठवून झालेल्या बिलातली चूक: बाकीच्या रकमेचा घोळ न होता दुरुस्ती कशी करावी

बिलात चूक झाली की बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती अशी: फाइल उघडायची, भाव दुरुस्त करायचा, त्याच नंबरचं बिल पुन्हा छापायचं आणि पार्टीला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून वर लिहायचं, ‘हे नवीन घ्या, जुनं फाडून टाका.’ पार्टी जुनं फाडत नाही. ते तिच्या दिवाणजीने नोंदवलेलं असतं, एक प्रत कर सल्लागाराकडे गेलेली असते आणि तिसरी शेठच्या फोनमध्ये पडून असते. म्हणजे एकाच नंबरची, दोन वेगळ्या रकमांची बिलं बाजारात फिरू लागतात. पुढे वसुलीच्या वेळी प्रत्येक जण आपापल्या हातातला आकडा खरा धरतो.

या लेखात एकच प्रकार नीट पाहू. माल पोचला आहे, बिल पार्टीच्या हातात आहे, भाव जास्त लागला आहे आणि काही रक्कम आधीच जमा झाली आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या व्यापारात नेहमी घडणारी आणि सगळ्यात जास्त गुंता करणारी चूक हीच आहे.

उदाहरण असं धरा. जळगाव एमआयडीसीतल्या पीव्हीसी पाइपच्या कारखान्याने शिरपूरच्या डीलरला 18 जुलै 2025 रोजी बिल नंबर JP/25-26/0412 पाठवलं. त्यात 110 मिमी पाइप 200 नग, दर 640 रुपये, आणि 75 मिमी पाइप 150 नग, दर 310 रुपये. करपात्र रक्कम 1,74,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 31,410, एकूण 2,05,910 रुपये. मुदत 30 दिवसांची. 22 जुलैला डीलरने आरटीजीएसने 1,00,000 रुपये भरले. 24 जुलैला त्याचा फोन आला: “भाऊ, बिलमा गडबड शे.” 110 मिमीचा ठरलेला दर 604 होता, बिलात 640 पडला होता.

## तयारी: फोन उचलण्याआधी टेबलावर काय हवं

चार कागद समोर घ्या: मूळ बिल, ज्यावर दर ठरला तो कागद किंवा मेसेज (ऑर्डर, कोटेशन, व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी, जे असेल ते), पार्टीचा खातेउतारा आणि माल पोचल्याची सही असलेलं चलन. चलन अशासाठी, की भाव तपासताना बऱ्याचदा नगांचाही फरक निघतो. मग एकाच बिलावर दोनदा दुरुस्ती करावी लागते, आणि दुसऱ्या दुरुस्तीनंतर पार्टी तुमच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवत नाही. म्हणून एक ओळ चुकली असली तरी बिलाच्या सगळ्या ओळी पुन्हा तपासा.

इथे दिवाणजींना ठाऊक असलेली एक जुनी खूण कामी येते. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटे पडल्याची शक्यता मोठी. आपल्या उदाहरणात 640 उणे 604 म्हणजे 36, आणि 36 ला 9 ने भाग जातो. म्हणजे दर टाइप करताना 0 आणि 4 ची जागा बदलली. ही खूण पुरावा नव्हे, पण चूक टायपिंगची की ठरलेल्या भावाबद्दलच गैरसमज, हे ओळखायला मदत होते. गैरसमज असेल तर आधी भाव मिटवा, कागद नंतर.

तपासा: ठरलेल्या दराचा लेखी पुरावा हातात नसेल तर इथेच थांबा. डीलरकडून दर मेसेजवर लिहून घ्या, मग पुढे जा.

## 1. चूक कोणत्या जातीची ते ठरवा

रक्कम बदलते की नाही, हा पहिला प्रश्न. पत्ता, ऑर्डर नंबर, गाडी नंबर अशी चूक असेल आणि देय रक्कम तीच राहत असेल, तर क्रेडिट नोट काढू नका. पत्राने कळवा. चुकीचा तपशील जीएसटी विवरणात गेला असेल, उदाहरणार्थ पार्टीचा जीएसटीआयएन किंवा बिलाची तारीख, तर पुढच्या GSTR-1 मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणात, `9A` तक्त्यात दुरुस्ती करा.

रक्कम बदलत असेल तर दिशा पाहा. जास्त लावलं असेल तर विक्रेत्याने क्रेडिट नोट काढायची, कमी लावलं असेल तर विक्रेत्यानेच डेबिट नोट काढायची. दोन्ही कागद सीजीएसटी कायद्याच्या कलम 34 मध्ये आहेत. ‘रिवाइज्ड इनव्हॉइस’ नावाचा कागद कायद्यात आहे, पण तो नवी नोंदणी मिळालेल्याने नोंदणीपूर्वी केलेल्या विक्रीसाठी आहे. भाव चुकला म्हणून त्याच नावाने नवं बिल काढलं तर पार्टीच्या सल्लागाराला ते कुठे बसवायचं हेच कळणार नाही.

ज्यांची उलाढाल 5 कोटींच्या वर आहे आणि ज्यांना ई-इनव्हॉइस लागू आहे, त्यांच्याकडे आणखी एक वाट आहे, पण अरुंद. आयआरएन, म्हणजे पोर्टलकडून ई-इनव्हॉइसला मिळणारा नंबर, निघाल्यापासून 24 तासांच्या आत तो पोर्टलवर रद्द करता येतो. मात्र त्यावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, आणि रद्द झालेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. माल गाडीत चढून शिरपूरला उतरून झाला असेल तर या वाटेला जाऊ नका. माल खरोखर गेला आहे आणि त्याचं ई-वे बिल त्याच बिलावर आहे. मूळ बिल जसंच्या तसं राहू द्या आणि फरकाची क्रेडिट नोट काढा. ई-इनव्हॉइस लागू असेल तर क्रेडिट नोटलाही आयआरएन लागतो.

इशारा: सॉफ्टवेअरमध्ये जुनं बिल उघडून दर बदलू नका. तुमच्या वहीत दुरुस्त दराची एकूण रक्कम 1,97,414 दिसेल आणि पार्टीच्या हातातल्या कागदावर 2,05,910. त्या फरकाचं स्पष्टीकरण देणारा एकही कागद उरणार नाही.

## 2. फरक काढा, करासकट

फोनवर सांगितलेला आकडा पार्टीच्या डोक्यात पक्का बसतो. म्हणून आकडा आधी काढा, फोन नंतर करा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे फक्त मालाच्या किमतीतला फरक सांगणं. दरात 36 रुपयांचा फरक, नग 200, म्हणजे 7,200 रुपये. डीलरला ‘7,200 कमी होतील’ असं सांगितलं, आणि नोट निघाली 8,496 ची. लगेच प्रश्न सुरू होतात.

नीट हिशेब असा:

| | मूळ बिल | बरोबर | फरक |
|---|---|---|---|
| करपात्र रक्कम | 1,74,500 | 1,67,300 | 7,200 |
| सीजीएसटी 9% | 15,705 | 15,057 | 648 |
| एसजीएसटी 9% | 15,705 | 15,057 | 648 |
| एकूण | 2,05,910 | 1,97,414 | 8,496 |

फरक दोन बाजूंनी काढा. एकदा चुकलेल्या ओळीवरून, म्हणजे 7,200 अधिक त्याचा 18 टक्के कर. दुसऱ्यांदा दोन्ही एकूण रकमांच्या वजाबाकीतून. दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. काही पैशांचा फरक राहिला तर तो मूळ बिलातल्या राउंड-ऑफचा असतो. क्रेडिट नोटमध्येही तेवढाच राउंड-ऑफ घ्या, नाहीतर त्या बिलावर 40 पैसे वर्षभर बाकी दिसत राहतात.

## 3. पार्टीला फोन: तीनच प्रश्न

कागद पाठवण्याआधी डीलरच्या दिवाणजीशी बोला, शेठशी नव्हे. नोंद दिवाणजी करतो. विचारायचं एवढंच:

पहिलं, मूळ बिल वहीत नोंदवलं का, आणि किती रकमेने? काही ठिकाणी बिल येताच दिवाणजी स्वतःच ठरलेल्या दराने 1,97,414 नोंदवून मोकळा होतो. अशा वेळी तुमची क्रेडिट नोट त्याने नोंदवली तर 8,496 दुसऱ्यांदा वजा होतील. त्याला मूळ बिल पूर्ण 2,05,910 ने नोंदवायला सांगा, मग नोट.

दुसरं, तुमच्या बाजूने या फरकाची डेबिट नोट काढली आहे का? सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून यावर थोडं थांबू. खरेदीदाराला भाव जास्त दिसला की तो आपल्या वहीत विक्रेत्याच्या नावे डेबिट नोट टाकतो आणि त्याची प्रत पाठवतो. त्याच्या बाजूने ते गैर नाही. पण मग तुमची क्रेडिट नोट पोचते आणि दिवाणजी तीही नोंदवतो. फरक एकच, कागद दोन, वजावट दोनदा. खरी बाकी 97,414 असताना हातात येतात 88,918, आणि डीलरच्या वहीत हिशेब चुकता दिसतो. दोघांपैकी कोणी खोटं बोलत नसतं, तरी भांडण होतं. जीएसटीमध्ये कर कमी करणारा कागद विक्रेत्याचीच क्रेडिट नोट असते. म्हणून पार्टीची डेबिट नोट निघाली असेल तर दोन पर्याय आहेत. ती रद्द करून घ्या, किंवा तुमच्या क्रेडिट नोटमध्ये तिचा नंबर लिहून स्पष्ट करा की दोन्ही कागद एकाच फरकाचे आहेत आणि वजावट एकदाच आहे.

तिसरं, बाकी रकमेचा चेक लिहून झाला आहे का? पुढच्या तारखेचा 1,05,910 चा चेक आधीच तुमच्या हातात असेल, तर तो गुपचूप बँकेत टाकू नका. 97,414 चा नवा चेक मागा. नाहीतर जास्तीचे 8,496 पुढच्या बिलात वळते करायला डीलरची लेखी संमती घ्या.

तपासा: फोन संपल्यावर तिन्ही उत्तरं तारखेसह बिलाच्या प्रतीवर पेनाने लिहा.

## 4. क्रेडिट नोट लिहिणं

क्रेडिट नोटला स्वतःचा वेगळा अनुक्रमांक हवा, बिलाचा नाही. तो 16 अक्षरांपेक्षा मोठा नको आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच आलेला हवा. उदाहरणात CN/25-26/0037, तारीख 25 जुलै 2025. वर ‘क्रेडिट नोट’ असं ठळक लिहा. दोघांची नावं, पत्ते, जीएसटीआयएन, करपात्र रक्कम, कराचा दर, कराची रक्कम आणि सही, एवढं नियमाने लागतंच.

नियमाने लागणारी आणखी एक गोष्ट म्हणजे मूळ बिलाचा नंबर आणि तारीख, आणि ती लोक हमखास विसरतात. GSTR-1 मध्ये क्रेडिट नोट भरताना पोर्टल मूळ बिलाचा नंबर मागत नाही. त्यामुळे ‘ही नोट कोणत्या बिलाची’ हे दाखवणारी जागा म्हणजे तुमचा हा कागदच. एका नोटमध्ये अनेक बिलांची दुरुस्ती करायला कायद्याची हरकत नाही, पण तसं करू नका. एक बिल, एक नोट. सहा महिन्यांनी खातं जुळवायला बसाल तेव्हा हे सोपं पडतं.

नोटमध्ये ओळ फक्त फरकाची असावी. ‘110 मिमी पाइप, 200 नग, दर 604’ असं लिहिलंत तर दिवाणजीला 1,20,800 चा माल परत आल्यासारखं वाटेल. असं लिहा:

> 110 मिमी पीव्हीसी पाइप, 200 नग. बिलातील दर 640 ऐवजी ठरलेला दर 604. दरफरक प्रति नग 36. माल परत आलेला नाही.

शेवटचं वाक्य लिहाच. अनेक सॉफ्टवेअरमध्ये क्रेडिट नोट म्हणजे माल परत असं गृहीत धरलं जातं आणि साठ्यात 200 नग वाढतात. नोंद करताना नगांचा रकाना रिकामा ठेवून फक्त रक्कम घाला आणि नंतर साठ्याचा आकडा पाहून घ्या.

## 5. तुमच्या वहीतली नोंद

टॅलीप्राइममध्ये क्रेडिट नोटचं व्हाउचर `Alt+F6` ने उघडतं. पार्टी निवडल्यावर बिलवार तपशील विचारला जातो तेव्हा `Agst Ref` निवडा आणि यादीतून JP/25-26/0412 घ्या. घाईत `New Ref` वर एंटर दाबलं तर येणं बाकीच्या यादीत 0412 समोर जुनीच बाकी राहते आणि खाली 8,496 ची वेगळी जमा ओळ लोंबकळत राहते. एकूण बाकी बरोबर असते, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण वसुलीवाला मुलगा बिलवार यादी घेऊन निघतो, आणि डीलरच्या दारात 1,05,910 मागतो.

22 जुलैला आलेल्या 1,00,000 चंही हेच पाहा. ते `On Account` पडले असतील तर तेही 0412 ला जोडून घ्या.

तपासा: बिलवार यादीत 0412 समोर नेमके 97,414 दिसले पाहिजेत, आणि त्या पार्टीखाली दुसरी कोणतीही सुटी ओळ नको.

## 6. कळवणं: एका मेसेजमध्ये एकच देय रक्कम

क्रेडिट नोटची नुसती पीडीएफ पाठवणं पुरेसं नाही. 8,496 वाचून कोणाला कळणार की आता द्यायचे किती? सोबत छोटं पत्र हवं. त्यात बाकी कशी आली ते ओळीने दिसावं आणि शेवटी देय रक्कम एकदाच यावी. फोनमध्ये बिल ज्यांच्याकडे गेलं होतं त्या सगळ्यांना, म्हणजे शेठ, दिवाणजी आणि असल्यास त्यांचे कर सल्लागार, यांना हाच मेसेज एकाच दिवशी जाऊ द्या:

> बिल JP/25-26/0412, दि. 18/07/2025 यात 110 मिमी पाइपचा दर चुकून 640 लागला. ठरलेला दर 604. सोबत क्रेडिट नोट CN/25-26/0037, दि. 25/07/2025.
> मूळ बिल: 2,05,910
> वजा क्रेडिट नोट (करासह): 8,496
> वजा जमा, आरटीजीएस दि. 22/07/2025: 1,00,000
> आता देय: 97,414. मुदत पूर्वीचीच, 17/08/2025.
> मूळ बिल रद्द नाही. कृपया ते पूर्ण रकमेने नोंदवून क्रेडिट नोट वेगळी नोंदवावी. या फरकाची वेगळी डेबिट नोट काढू नये. नोंद झाल्यावर कळवावे.

मुदतीची ओळ मुद्दाम आहे. ती नसली की डीलर क्रेडिट नोटच्या तारखेपासून नवे 30 दिवस मोजतो. चूक तुमची असल्यामुळे मुदत वाढवून द्यायची असेल तर जरूर द्या, पण नवी तारीख लिहून द्या.

मेसेजमध्ये 1,97,414 हा आकडा नाही, हे लक्षात आलं असेल. तो बरोबर आहे, पण देय नाही. एकाच मेसेजमध्ये 2,05,910, 1,97,414 आणि 97,414 आले, तर घाईत वाचणारा मधलाच उचलतो, त्यातही शेवटचे अंक सारखे असल्यामुळे.

इशारा: जुन्या ग्रुपमध्ये मूळ बिल पुन्हा फॉरवर्ड करू नका. मागितलं तर मूळ बिल आणि क्रेडिट नोट एकाच पीडीएफमध्ये जोडून द्या.

## 7. जीएसटी विवरण

जुलैची GSTR-1 भरण्याची तारीख 11 ऑगस्ट. उदाहरणात बिल आणि नोट दोन्ही जुलैतली आहेत, म्हणून दोन्ही त्याच विवरणात जातील. बिल मूळ रकमेने, नोट `9B` तक्त्यात. बिलच कमी करून दाखवायचं आणि नोट भरायचीच नाही, असा आडमार्ग घेऊ नका. डीलरच्या वहीत बिल 2,05,910 चं आहे आणि 14 तारखेच्या GSTR-2B मध्ये, म्हणजे पोर्टलने तयार केलेल्या त्याच्या खरेदीच्या यादीत, वेगळी रक्कम आली की त्याचा सल्लागार पेमेंट थांबवायला सांगतो. तिमाही विवरण भरणाऱ्यांनीही बिल आणि नोट दोन्ही भरायची, फक्त तारखा त्यांच्या वेगळ्या.

नोट पोर्टलवर गेली की डीलरला ती आयएमएसमध्ये, म्हणजे आलेली बिलं आणि नोटा स्वीकारायच्या किंवा नाकारायच्या पोर्टलवरच्या सोयीत, दिसते. ऑक्टोबर 2024 पासून ही सोय आहे. तिथे त्याने नोट स्वीकारली पाहिजे. त्याने ती नाकारली तर तेवढा कर तुमच्या पुढच्या GSTR-3B मध्ये, म्हणजे कर भरायच्या विवरणात, देणं म्हणून परत येतो, म्हणजे बाकी कमी केलीत आणि करही भरलात. डीलर बहुतेक वेळा मुद्दाम नाकारत नाही. त्याच्या वहीत नोट सापडली नाही म्हणून नाकारतो. सहाव्या टप्प्यातला मेसेज वेळेवर गेला असेल तर हे टळतं.

वेळेची मर्यादा लक्षात ठेवा. आर्थिक वर्ष 2025-26 मधल्या विक्रीची क्रेडिट नोट विवरणात दाखवायची शेवटची मुदत 30 नोव्हेंबर 2026, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरलं तर ती तारीख. त्यानंतर पार्टीला सूट देता येते, पण भरलेला कर कमी करता येत नाही. अशा वेळी नोट फक्त 7,200 ची, कर न लावता काढावी लागते, आणि बाकीचा हिशेबही मग 8,496 ने नव्हे, 7,200 ने कमी होतो.

## 8. पैसे आले की खातं जुळवा

मुदतीच्या चार-पाच दिवस आधी डीलरकडून त्याच्या वहीतला तुमचा खातेउतारा मागवा. त्यात तीन ओळी शोधा: बिल 2,05,910, क्रेडिट नोट 8,496, भरणा 1,00,000. खाली बाकी 97,414. चौथी ओळ दिसली तर ती बहुधा त्याची स्वतःची डेबिट नोट असते. ती पेमेंट येण्याआधीच काढून घ्या, नंतर ती काढायला कोणी तयार होत नाही.

97,414 आल्यावर पावतीवर बिल नंबर आणि क्रेडिट नोट नंबर दोन्ही लिहा. मूळ बिलाच्या कार्यालयीन प्रतीवर ‘CN/25-26/0037 पाहा’ असा शेरा मारा, आणि दराचा पुरावा, नोट, मेसेजची प्रत व पावती त्याच बिलाला टाचून ठेवा.